किरणोत्सर्गाची सुरक्षित मात्रा असते का?

किरणोत्सर्गाने शरीराला होणारी इजा दोन प्रकारची असते. अँजिओप्लास्टी फार लांबली आणि क्ष-किरण एकाच जागी पडत राहिले, तर पाठीची कातडी लाल होते. त्यासाठी साधारण 2 ग्रे मात्रा लागते. त्याहून कमी मात्रेत पेशी थोड्याच मरतात आणि त्वचा त्यांची भरपाई करते. मात्रा वाढवत नेली की लालीचे फोड होतात, फोडांच्या जखमा होतात. या परिणामांना निश्चित परिणाम म्हणतात. त्यांना उंबरठा असतो आणि तो ओलांडल्यावर मात्रेबरोबर इजेची तीव्रता वाढते.

कर्करोगाचे तसे नाही. तिथे पेशी मरत नाही, डीएनएची चुकीची दुरुस्ती घेऊन जगते. मात्रेबरोबर वाढते ती फक्त शक्यता; झालेला कर्करोग थोड्या मात्रेने झाला म्हणून सौम्य नसतो. हे यादृच्छिक, म्हणजे योगायोगावर अवलंबून असलेले परिणाम.

मग त्यांना उंबरठा आहे का? हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या दीर्घ अभ्यासात सुमारे 100 मिलिसिव्हर्टच्या वर कर्करोगाची वाढ स्पष्ट दिसते. त्याखाली ती आकड्यांच्या नैसर्गिक चढउतारात हरवते. मात्रा दहापट कमी केली, तर तोच परिणाम ओळखायला सुमारे शंभरपट माणसे तपासावी लागतात. 1000 मिलिसिव्हर्टला पाचशे माणसे पुरत असतील, तर 10 मिलिसिव्हर्टला पन्नास लाख लागतील. अर्थात, वाढ न दिसणे म्हणजे ती नसणे नव्हे.

इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. पेशीच्या केंद्रकातून एकच इलेक्ट्रॉन गेला तरी डीएनएचे दोन्ही धागे तुटू शकतात. मात्रा अगदी कमी असते तेव्हा पेशीला बसणारा फटका लहान होत नाही, फटका बसलेल्या पेशींची संख्या घटते. पेशी निम्म्या, तर धोकाही निम्मा. म्हणून वरच्या मात्रांवरून काढलेली रेषा सरळ शून्यापर्यंत नेतात. हेच रेषीय, उंबरठाविरहित गृहीतक. पेशींची दुरुस्ती कमी मात्रेत अधिक चांगली होते, असा आक्षेप फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने 2005 मध्ये घेतला होता. तो निकालात निघालेला नाही.

आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोग हे गृहीतक सावधगिरी म्हणून वापरतो. धोका ढोबळपणे 1000 मिलिसिव्हर्टला 5 टक्के धरतो. पोटाचा सीटी स्कॅन 10 मिलिसिव्हर्टचा असेल तर धोका दोन हजारांत एक. गरज असलेल्या रुग्णाने तो नाकारावा इतका हा मोठा नाही. पण उगाच स्कॅन करू नये, एवढा नक्की आहे.

हाच गुणाकार भलतीकडे केला की फसतो. दहा कोटी लोकांना प्रत्येकी 0.01 मिलिसिव्हर्ट मिळाले, तर कागदावर पन्नास मृत्यू निघतात. असे मृत्यू मोजू नयेत, असे आयोगाने 2007 च्या शिफारशींत बजावले आहे. गृहीतक कामगारांच्या मर्यादा ठरवायला आणि दोन पर्यायांची तुलना करायला आहे, मृतांची यादी करायला नाही.