लपलेल्या ओळीचा शोध : जालन्याचे एक अक्षरकोडे

शब्दांच्या पोटात दुसरे शब्द लपवून ठेवण्याचा छंद आपल्या दोन्ही परंपरांत जुना आहे. फारसी आणि उर्दू शायरीत 'मुवश्शह' नावाची रचना आहे. तिच्यातल्या ओळींची पहिली अक्षरे क्रमाने वाचली की एखाद्याचे नाव तयार होते. मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण समर्थ रामदासांच्या नावावर आहे. रामदासांचा जन्म 1608 सालचा, गाव जांब, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातला घनसावंगी तालुका. त्यांनी शिवाजी महाराजांना पाठवली असे म्हणतात त्या एका कवितेच्या चरणांची आद्याक्षरे जोडली की विजापूरचा सरदार निघाल्याचा निरोप मिळतो. हा सरदार म्हणजे 1659 चा अफझलखान, असे परंपरा सांगते.

इतिहासाच्या वाचकाने इथे जरा थांबावे. आद्याक्षरे नीट जुळतात यावरून एवढेच सिद्ध होते की कोणीतरी ती मुद्दाम जुळवली. ती कोणी जुळवली आणि कोणत्या साली, हे अक्षरे सांगत नाहीत. रामदास आणि शिवाजी महाराज यांची पहिली भेट 1649 ची की 1672 ची, यावरच अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा हा निरोप 1659 सालचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. रचनेचे कौशल्य मात्र त्यामुळे कमी होत नाही.

या जुन्या छंदाला कोड्याचे रूप अमेरिकेत आले. एलिझाबेथ किंग्सली या बाईंनी रचलेले असे पहिले कोडे 31 मार्च 1934 रोजी 'सॅटर्डे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' या साप्ताहिकात छापले गेले. सूचनांवरून शब्द ओळखायचे, त्यांची अक्षरे क्रमांकाप्रमाणे चौकटीत मांडायची आणि एखाद्या पुस्तकातला उतारा वाचायचा, अशी त्याची रीत. त्याचाच सोपा प्रकार म्हणजे प्रत्येक उत्तरातले एकच घर ठळक असते आणि ठळक घरांतली अक्षरे वरून खाली वाचली की लपलेले वचन मिळते.

मराठीत हे कोडे सोडवताना पहिला प्रश्न येतो तो घराचा. एका घरात काय लिहायचे? उर्दूत 'जालना' लिहिताना जीम, अलिफ, लाम, नून आणि शेवटी हे असे पाच हर्फ लागतात. देवनागरीत मात्र तीन घरे पुरतात : जा, ल, ना. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे अक्षरासोबत त्याच घरात बसतात. जोडाक्षरालाही एकच घर.

आता आम्ही जालन्यावर रचलेले एक कोडे सोडवून पाहू. नऊ सूचना आहेत. कंसातला पहिला आकडा अक्षरांचा, दुसरा ठळक घराचा.

1. जालना जिल्ह्यातला तालुका. नावाच्या शेवटी 'बाद' (5, 1)
2. 23 सप्टेंबर 1803 च्या असईच्या लढाईतला इंग्रज सेनापती, आडनाव (3, 2)
3. तुरीच्या 'बीडीएन' वाणांचे संशोधन केंद्र असलेला तालुका (5, 3)
4. मूळ चीनकडचे, शेंगेत येणारे खरिपाचे तेलबियांचे पीक (4, 1)
5. 'बदी'च्या उलट (2, 1)
6. जालना शहरातून वाहणारी नदी (4, 4)
7. काळ्या मातीतले पांढरे पीक (3, 2)
8. मतला आणि मक्ता असलेला काव्यप्रकार (3, 3)
9. सरकारी परवानगीचा कागद. शायरीत शमेभोवती फिरणारा (4, 4)

क्रमाने जाण्याचे कारण नाही, सोपे आधी घ्यावे. पहिले उत्तर जाफराबाद, तिसरे बदनापूर. ठळक घरांत 'जा' आणि 'ना' आले. मधले घर रिकामे असले तरी 'जालना' दिसू लागते, म्हणून दुसऱ्या घरात 'ल' धरावा. असई जालना जिल्ह्यातच आहे. तिथल्या लढाईची माहिती असून सेनापतीचे नाव आठवत नसेल, तर तीन अक्षरे आणि मधला 'ल' एवढ्या खुणेवर 'वेलस्ली' सुचते. कोड्याची खरी गंमत इथे आहे. उत्तरे ओळीला घडवतात आणि अर्धी घडलेली ओळ उरलेली उत्तरे पुरवते.

चौथे उत्तर सोयाबीन. आता वाचन झाले 'जालना सो...'. इथे मराठी माणूस हातातल्या सूचना बाजूला ठेवून एका दमात लिहून टाकतो : 'जालना सोन्याचा पाळणा'. अक्षरे मोजावीत तर ती नेमकी नऊच भरतात, आणि म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. ती लक्षात येते सहाव्या सूचनेपाशी. नदी कुंडलिका, चौथे अक्षर 'का', आणि आपण तर 'चा' लिहून बसलो आहोत. नदीचे नाव बदलता येत नाही, तेव्हा बदलायला हवी ती आपली ओळ. पाचवे उत्तर 'नेकी' घेतले की 'न्या' जाऊन 'ने' येतो. आठवे 'गझल' म्हणजे 'ळ' नव्हे, 'ल'. नववे 'परवाना' म्हणजे 'णा' नव्हे, 'ना'.

उरली सातवी सूचना. पांढरे पीक म्हणताच 'कापूस' लिहिले जाते. तीन अक्षरे बसतात, पण ठळक घरात 'पू' येतो आणि ओळ 'पूलना' अशी अडखळते. त्याच पिकाचे दुसरे नाव 'कपाशी', तिचे दुसरे अक्षर 'पा'. आता ओळ सरळ वाचता येते : 'जालना सोने का पालना'. मात्रा सोडून नुसता 'प' मोजला असता तर कापूस आणि कपाशी दोन्ही चालून गेले असते आणि चूक सापडली नसती. म्हणून मात्रा अक्षरासोबत मोजण्याचा नियम कडक हवा.

जुन्या रचनेत हा नियम थोडा सैल होता. रामदासांच्या नावावरच्या त्या कवितेत तिसऱ्या चरणाला ह्रस्व 'पु' आहे, आणि विजापूर आपण दीर्घ 'पू'ने लिहितो. ज्या मोडी लिपीत त्या काळचा व्यवहार चाले, तिच्यात इकार-उकाराचा ह्रस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. एका काळाची लिपी जे माफ करते ते दुसऱ्या काळाची करत नाही, हे जुने अक्षरबंध तपासणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

'जालना सोने का पालना' ही म्हण या बाजारपेठेच्या भरभराटीची आहे आणि ती दखनी वळणाची आहे. पेठेत मराठी, दखनी, मारवाडी एकमेकींत मिसळून बोलल्या गेल्या, तिथे ती तोंडी रुळली. तिचे मराठी केले तर अर्थ राहतो. पण 'जालना'शी 'पालना'चे यमक अक्षराला अक्षर जुळते, 'पाळणा'चे तसे जुळत नाही. 'ळ' आणि 'णा' आले की म्हणीचा नाद अर्धा जातो. गावाबद्दलचे वचन मराठीतच असणार हे आपण आधीच धरून चाललो होतो. कुंडलिका, गझल आणि परवाना यांनी एकेका अक्षराने ते गृहीत खोडून काढले.