चढत्या लयीतली जोडाक्षरे

आंबेडकरी जलशांचे युग आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले. पुढे वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी आली. वामनदादा स्वतः मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले. ही गाणी वस्त्यांत पसरली ती कानावरून, वही हाती नसलेल्या माणसांच्या तोंडून. तोंडाला पेलतील असेच शब्द त्यात टिकले.

आमच्या गायन पार्टीला हे उशिरा कळले. आपल्या बीड जिल्ह्यातले कोरसवाले ऊसतोडीहून परततात ते मार्च-एप्रिलात, आणि १४ एप्रिल तर दाराशी उभी! तालमीला मिळतात आठ-दहा रात्री. एका वर्षी आम्हीच बांधलेल्या गाण्यात ओळ होती : "स्वातंत्र्याचे शस्त्र दिले रे". संथ लयीत छान वाजली. ढोलकीने दुगुन धरली अन् कोरस फुटला. "तंत्र्या" म्हणताना न, त, र, य ही चार व्यंजने मध्ये स्वर न घेता काढावी लागतात. घाईत जीभ आधार म्हणून मध्ये स्वर घालते आणि "सवातंतर्‍या" होते. अक्षरे वाढली की निम्मे मागे राहतात, ढोलकी पुढे जाते आणि सम हुकते.

मग आम्ही बोटांवर मात्रा मोजल्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्वाचीही दोन. ओळ भरली सोळा. त्याच सोळा मात्रांत दुसरी बसवली : "मोकळिकेचे बळ दिधले रे". एकही जोडाक्षर नाही. पोरांनी पहिल्याच रात्री उचलली.

पण आमचे जुने पेटीवाले बाबा रागावले. "मोकळीक म्हंजे स्वातंत्र्य व्हय रे? मोकळीक मालक देतो, स्वातंत्र्य आपण घेतो!" त्यांचे बरोबरच होते. तेव्हा "स्वातंत्र्य" आम्ही सुरुवातीच्या संथ आलापीत ठेवले, मुख्य गायकाने एकट्याने म्हणायचे. दुगुनीत कोरसला सोपी ओळ दिली.

सगळीच जोडाक्षरे अडत नाहीत, हेही तेव्हाच ध्यानी आले. "धर्म" आणि "धम्म" दोन्ही तीनच मात्रांचे. पण "र्म" ला आधी जीभ उचलायची, मग ओठ मिटायचे; "म्म" ला ओठ मिटून नुसते धरायचे. वंदनेतली पालीही अशीच आहे. संस्कृतातला मार्ग तिथे मग्ग होतो, चक्राचे चक्क होते, प्रज्ञेची पञ्ञा होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध, धम्म हे शब्द गाण्यांत आले, ते अडाणी म्हातारीच्या तोंडीही सहज बसले. याचे एक कारण हे असावे असे आम्हांस वाटते.

आता नवीन ओळ आली की आम्ही ढोलकी बाजूला ठेवतो. नुसत्या टाळ्यांवर, दुप्पट वेगात, तीनदा म्हणायला लावतो. एकजण मागे भिंतीपाशी उभा राहून कान देतो. त्याला जिथे फाजील "अ" ऐकू येतो, तो शब्द बदलायचा, नाहीतर संथ जागी न्यायचा. नावे मात्र बदलता येत नाहीत. ती आम्ही ओळीच्या शेवटी ठेवतो, तिथे श्वास घ्यायला जागा असते.