नांदगावचे गणेश दैवज्ञ आणि चौरसाचे दोन रिकामे कोपरे

मुरूडच्या अलीकडे समुद्राकाठी नांदगाव लागतं. जुन्या ग्रंथांतलं नंदिग्राम ते हेच. 'ग्रहलाघव'कार गणेश दैवज्ञ इथले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर त्यांनी १५४५ च्या सुमारास 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. भास्कराचार्य बहुतेक ठिकाणी नियम सांगून पुढे जातात. तो नियम का खरा, हे गणेश दैवज्ञ उलगडून दाखवतात. वर्ग करण्याच्या नियमाला त्यांनी क्षेत्रफळाचा आधार दिला आहे.

'लीलावती'त १४ चा वर्ग विचारलेला आहे. आपण तो वाडीवर करून पाहू. दहा हात लांब, दहा हात रुंद अशी चौरस वाडी आहे. तिच्या लागून असलेल्या दोन बाजू चार-चार हात वाढवायच्या. जुनी वाडी १००. एका बाजूला १० गुणिले ४ ची पट्टी, म्हणजे ४०; दुसऱ्या बाजूला तशीच, आणखी ४०. आणि जिथे पट्ट्या भेटतात त्या कोपऱ्यात चार-चारचा चौरस, १६. झाले १९६.

मुलं काय करतात? १०० आणि १६ मिळवून ११६ लिहितात. मीही लिहिले होते, आणि छडी खाल्ली! तेव्हा कोणी कागदावर चौरस काढून दिला असता, तर दोन जागा रिकाम्या राहिल्या हे मला मीच दाखवले असते. नुसत्या (a+b)² = a² + 2ab + b² या ओळीत तो 2ab कुठून आला हे डोळ्यांना दिसत नाही.

वजाबाकीत जरा गंमत आहे. दहाच्या चौरसातून चार हात रुंदीच्या दोन पट्ट्या काढा, १०० मधून ८०. उरले २०. पण सहाचा वर्ग तर ३६! कारण कोपऱ्याचे १६ दोन्ही पट्ट्यांत मोजले गेले, दोनदा वजा झाले. एकदा परत द्यायचे. म्हणून b² च्या आधी अधिक चिन्ह.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस विचारणारच, की एका आकृतीने सर्व संख्यांची सिद्धता कशी होते? या तुकड्यांत १० आणि ४ ला काही विशेष नाही. बाजू कितीही असोत, तुकडे तेच पडतात. मात्र लांबी ऋण असली की आकृती थांबते, आणि वजाबाकीच्या आकृतीत b हा a पेक्षा लहानच लागतो. तिथे अक्षरांचा गुणाकार हवा.

भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त उपपत्ती दोन प्रकारची सांगितली आहे, क्षेत्रगत आणि राशिगत. क्षेत्रगत ज्याला उमगत नाही त्याला राशिगत दाखवावी, असं ते म्हणतात. आपल्या वर्गात आपण बरोबर उलटं करतो: सूत्र आधी पाठ, आणि आकृती वेळ उरला तर.