तांत्रिक प्रश्नाचे संपादन

तांत्रिक प्रश्नाचे संपादन : संगणकीय आज्ञावलीच्या अनपेक्षित वर्तनाविषयी लिहिलेला प्रश्न अशा रीतीने पुन्हा सिद्ध करणे की, ज्याने विचारणाऱ्याचा संगणक, त्याची कागदपत्रे किंवा त्याचा मूळ हेतू यांपैकी काहीही पाहिलेले नाही, अशा परक्या जाणकारास तोच दोष स्वतःच्या संगणकावर जसाच्या तसा उत्पन्न करता यावा. अशा प्रश्नाची परिस्थिती, आजवर केलेले उपाय आणि लघुतम उदाहरण अशी तीन अंगे मानण्यात येतात. त्यांपैकी दुसऱ्या अंगाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि पुष्कळ प्रसंगी दोषाचे मूळ नेमके तेथेच सापडते. कारण पहिली अडचण दूर करण्यासाठी केलेला उपाय हा पुराव्यात फेरफार करणारा असतो, आणि विचारणारा ज्या लक्षणाविषयी विचारतो ते लक्षण बहुधा त्या उपायानेच निर्माण केलेले असते.

समजा, एका दुकानाच्या विक्रीच्या नोंदी पायथन भाषेतील `pandas` या संचाच्या साहाय्याने महिनावार जमविल्या जात आहेत, आणि पहिल्या मसुद्यात एवढाच मजकूर आहे : ‘मासिक बेरीज प्रत्यक्षापेक्षा कमी येते, `groupby` मध्ये काय बिघाड आहे?’ सोबत दोनशे ओळींची सबंध आज्ञावली जोडलेली आहे, मात्र नोंदींची फाइल जोडलेली नाही. हा प्रश्न वाचणाऱ्यास उत्तर देता येत नाही, याचे कारण मजकूर अपुरा आहे एवढेच नसून, त्यात विचारणाऱ्याने स्वतःच केलेले निदान वस्तुस्थितीच्या वेषात मांडले आहे, हे होय. `groupby` मध्ये बिघाड आहे हा तर्क झाला. बेरीज कमी येते हे निरीक्षण झाले. संपादकाचे पहिले काम हे दोन वेगळे करणे, निरीक्षणाला अग्रस्थान देणे, आणि ‘कमी’ या शब्दाच्या जागी नेमक्या अपेक्षित व प्रत्यक्ष रकमा लिहिवून घेणे हे असते.

त्यानंतर उपायांची हकीकत विचारावी लागते, आणि ती ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने मागवावी लागते. प्रस्तुत उदाहरणात विचारणारा सांगतो की, तारखा वाचताना आरंभी पुढील त्रुटिसंदेश येत असे, आणि `errors="coerce"` ही सूचना घातल्यावर तो येईनासा झाला :

```
ValueError: time data "13/06/2023" doesn't match format "%m/%d/%Y"
```

संदेशाचा हा आरंभीचा भाग पाहताच जाणकाराच्या ध्यानात सर्व प्रकार येतो. नोंदीतील तारखांत आपल्याकडील प्रघाताप्रमाणे दिवस आधी व महिना नंतर आहे. `pandas` ने मात्र पहिल्या तारखेवरून महिना आधी आहे असा ग्रह करून घेतला आणि तेरावा महिना दिसताच वाचन नाकारले. वरील सूचनेने ही अडचण नाहीशी झाली नाही. जी तारीख वाचता आली नाही तिच्या जागी रिक्त मूल्य घातले गेले, आणि रिक्त मूल्याच्या ओळी `groupby` निमूटपणे वगळीत असल्यामुळे बेरीज घटली. ज्या वाक्याला विचारणारा गौण समजत होता त्याच वाक्यात उत्तर होते. म्हणून त्रुटिसंदेश, तो आता दिसत नसला तरी, शब्दशः आणि मजकुराच्या रूपात उतरविलाच पाहिजे. त्याचे छायाचित्र लावल्यास त्यातील शब्द कोणास शोधता येत नाहीत, आणि त्याचा सारांश दिल्यास बहुधा नेमका उपयोगाचा भागच गळतो.

परिस्थितीचा तपशील देताना विस्तारापेक्षा निवड महत्त्वाची असते. येथे यंत्राची बनावट किंवा दुकानाचा इतिहास निरुपयोगी आहे; `pandas` ची आवृत्ती मात्र अनिवार्य आहे. एप्रिल 2023 मध्ये आलेल्या 2.0 या आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून ठरलेली रचना सर्व ओळींना लागू केली जाते. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत प्रत्येक तारखेचा स्वतंत्रपणे अर्थ लावला जाई, त्यामुळे एकही ओळ न गळता काही रकमा केवळ चुकीच्या महिन्यात जमा होत. आवृत्ती न सांगितल्यास जुना संच बाळगणारा जाणकार प्रामाणिकपणे कळवील की एकूण बेरीज बरोबर येते, आणि दोघांचाही वेळ वाया जाईल.

लघुतम उदाहरण सिद्ध करण्यास कल्पकतेपेक्षा चिकाटी लागते. प्रथम दोषाचा निकष निश्चित करावा. येथे तो ‘महिनावार रकमांची एकूण बेरीज मूळ स्तंभाच्या बेरजेहून कमी भरते’ असा ठरेल. मग नोंदींचा अर्धा भाग वगळून निकष पडताळावा. दोष टिकला तर वगळलेले परत आणू नये, नाहीसा झाला तर तो भाग परत घेऊन दुसरा वगळावा. आज्ञावलीच्या ओळींनाही हाच नियम लावावा. जर्मन संगणकशास्त्रज्ञ आंद्रेआस त्सेलर यांनी हेच काटछाटीचे कार्य यंत्राकडून करवून घेण्याची पद्धती मांडली, आणि राल्फ हिल्डेब्रांट यांच्यासह 2002 साली तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. निकष सैल असेल तर मात्र काटछाट करता करता मूळ दोष हरवून भलताच दोष हाती येतो. प्रस्तुत प्रश्न अखेरीस इतका उरतो :

```python
import pandas as pd
df = pd.DataFrame({
    "tarikh": ["05/06/2023", "13/06/2023"],
    "rakkam": [100, 250]})
df["tarikh"] = pd.to_datetime(df["tarikh"],
                              errors="coerce")
print(df.groupby(df["tarikh"].dt.month)["rakkam"].sum())
```

अपेक्षा अशी की जून महिन्यापुढे 350 यावेत; प्रत्यक्षात `5.0` या महिन्यापुढे केवळ 100 येतात. महिन्याच्या अंकाला दशांशचिन्ह लागावे हीच मुळी एक खूण आहे, कारण रिक्त मूल्य मिसळताच पूर्णांकांचा स्तंभ अपूर्णांकी होतो. खऱ्या फाइलऐवजी दोन कल्पित ओळी घातल्यामुळे गिऱ्हाइकांची नावे व रकमा उघड होण्याचे कारणही उरत नाही. शिवाय येथे ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे : तेरा तारखेची ओळ वर ठेवल्यास `pandas` इशारा देऊन दिवस-आधीची रचना स्वीकारतो आणि बेरीज बरोबर येते. काटछाट करताना पहिली ओळ गेली आणि दोषही गेला, असा अनुभव आल्यास तो निष्फळ न मानता प्रश्नात नमूद करावा, कारण त्यानेच कारणाची दिशा दाखविलेली असते.

असा प्रश्न वाचणाऱ्यास `errors="coerce"` काढून `format="%d/%m/%Y"` लिहावे, असे उत्तर देण्यास विलंब लागत नाही. `dayfirst=True` हा पर्यायही सुचविला जातो. पण तो सक्तीचा नियम नसून केवळ कल दर्शविणारा असल्याने, हिशेबाच्या कामात पहिला उपायच पत्करावा.

सर्वच दोष असे आटोपशीर होत नाहीत. दोन कार्ये एकाच वेळी चालताना क्वचित घडणारी चूक, किंवा नोंदींचा आकार फार मोठा झाल्यावरच दिसणारी स्मृतीची टंचाई, ही लहान उदाहरणात उतरत नाही. तेथे दोष किती वेळा व कोणत्या भाराखाली दिसतो याची नोंद आणि कृत्रिम नोंदी निर्माण करणारी चार ओळींची आज्ञावली द्यावी लागते. उत्तर आल्यानंतर मात्र मूळ उदाहरणात दुरुस्ती करू नये. तसे केल्यास दिलेले उत्तर निराधार ठरते, आणि पुढील अडचण उद्भवल्यास तिच्यासाठी स्वतंत्र प्रश्न लिहावा.