एकशेवीस पेट्या, बारा वाजता

शनिवार, 26 एप्रिल 2025, रात्री 9. सेलला 15 तास.
अक्षय्य तृतीया बुधवारी. वहिनींच्या ऑनलाइन दुकानात देवगड हापूसच्या दोन डझनांच्या 120 पेट्या रविवारी दुपारी बारा वाजता सवलतीत विकायच्या, असं ठरलेलं. सानपाड्याच्या गाळ्यात पेट्या रचून झाल्या होत्या. दुकानाची वेबसाइट मी लिहिलेली. नेरुळला घरी बसून मी लोड टेस्ट चालवली: 300 खोटे ग्राहक, सगळे एकदम ऑर्डर देणारे. पेमेंटच्या जागी खोटं उत्तर ठेवलं होतं, ते क्षणात ‘पैसे मिळाले’ म्हणायचं. एक ऑर्डर अर्ध्या सेकंदात पूर्ण होत होती. डेटाबेसची कनेक्शन 20, म्हणजे सेकंदाला 40 ऑर्डरी. सगळे निकाल हिरवे.

चाचणीत एकूण किती पेट्या ‘विकल्या’ गेल्या, हे मात्र मी मोजलं नाही. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

रविवार, सकाळी 9. तीन तास.
रांगेचं पान जोडलं. सप्टेंबर 2024 मध्ये आमच्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी लाखो लोक ऑनलाइन रांगेत अडकले होते, ते डोक्यात होतं. सेकंदाला 20 जणांना आत सोडायचं ठरवलं. चाळीसची ताकद आहे, तर वीस म्हणजे निम्मंच, असा हिशेब केला. तो चाळीसचा आकडा खोट्या पेमेंटवर उभा होता.

11:40. वीस मिनिटं.
वहिनींचा फोन. “भाऊजी, ग्रुपवर लोक आत्तापासून विचारतायत. चालेल ना सगळं?” मी म्हटलं, “चालेल.”

12:00.
रांग उघडली. पहिल्या मिनिटात ऑर्डरी आल्या, मग पान फिरत राहिलं. सर्व्हरचा प्रोसेसर जेमतेम दहा टक्के चाललेला, मेमरी मोकळी. यंत्र रिकामं बसलंय आणि दुकान बंद पडलंय, हे मला कळेना.

12:03.
डेटाबेसमध्ये `pg_stat_activity` पाहिलं. वीसच्या वीस ओळींपुढे एकच स्थिती: `idle in transaction`. म्हणजे कनेक्शन अडवून ठेवलंय, काम काहीच नाही. माझा कोड शिल्लक वाचायचा, ग्राहकाला यूपीआयकडे पाठवायचा आणि पैसे आल्याचं कळेपर्यंत तेच कनेक्शन धरून बसायचा. खरा माणूस अ‍ॅप उघडणार, पिन टाकणार. सरासरी 40 सेकंद जात होते. वीस कनेक्शन, चाळीस सेकंद: दोन सेकंदांना एक ऑर्डर. आणि मी सेकंदाला वीस माणसं आत ढकलत होतो.

12:05.
शिल्लक पेट्या 113 दिसल्या. पान पुन्हा उघडलं, तर 115. विकता विकता शिल्लक वाढली! त्या क्षणी पोटात गोळा आला. कोड सुरुवातीला 115 वाचत होता आणि चाळीस सेकंदांनी, मधे कोणी काय विकलं ते न पाहता, 114 लिहीत होता. एकाच वेळी वीस जण 115 वाचत, वीसही जण 114 लिहीत. वीस पेट्या विकल्या, हिशेबात एकच कमी. उशिरा लिहिणारा तर जुना, मोठा आकडा परत बसवत होता.

12:08.
दुकान बंद केलं. शिल्लक 108 दाखवत होती. पैसे आलेल्या ऑर्डरी मोजल्या: 197.

12:30 ते 5.
सत्त्याहत्तर लोकांना पेटी मिळणार नव्हती. वहिनींनी पैसे आल्याच्या वेळेनुसार यादी लावली, पहिले 120 ठेवले आणि उरलेल्यांना एकेक करून स्वतः फोन केला; पैसे परत पाठवल्याचं सांगितलं. त्यांतल्या एक आजी नुसत्या म्हणाल्या, “मग नातवाला काय सांगू?” फोन स्पीकरवर होता, मी समोर बसलो होतो.

रात्री 11.
क्रम उलटा केला. आधी पेटी राखायची, मग पैसे:

```sql
UPDATE stock SET qty = qty - 1
WHERE id = 7 AND qty > 0;
```

एक ओळ बदलली तर पेटी राखली गेली. शून्य ओळी बदलल्या तर माल संपला, आणि ते ग्राहकाला पैसे देण्याआधीच सांगायचं. वजाबाकी डेटाबेसच करतो आणि त्या ओळीपुढे सगळ्यांना एकामागून एक उभं करतो. लगेच कमिट, कनेक्शन मोकळं. पेमेंटची वाट त्यानंतर पाहायची. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत, तर पेटी परत शिलकीत. त्यानंतर आले, तर शिल्लक असल्यास पुन्हा राखायची, नाहीतर पैसे लगेच परत.

चाचणीतल्या खोट्या पेमेंटला चाळीस सेकंद थांबायला लावलं, दर दहातल्या एकाला ‘पिन चुकला’ म्हणायला लावलं आणि पुन्हा 300 ग्राहक सोडले. या वेळी शेवटी ऑर्डरी मोजल्या. पैसे आलेल्या 108, सोडून दिलेल्या 12. दहा मिनिटं थांबलो. शिल्लक 12 झाली.