बाळगोळी ते नाकातला फवारा

गेला वीकेंड गावी, म्हणजे निलंग्याला काढला. दुपारी काकू आणि आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. बोलता बोलता आजी म्हणाली, "माझ्या सासूचं एक पोरगं असंच झोपेत गेलं बघ. गोळी जास्त झाली म्हणायचे." कसली गोळी, विचारलं तर म्हणाली, "बाळगोळी रे. अफूची." शेतात खुरपायला जायचं तर तान्हं पोर बांधावर झोपवायचं कसं? मोहरीएवढी गोळी चाटवायची, पोर संध्याकाळपर्यंत गप. तो काळ निजामाचा. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं.

हा प्रकार फक्त आमच्याकडचाच नव्हता. मुंबईत गिरण्यांमधल्या बायकाही कामावर जाताना पोरांना अशीच गोळी द्यायच्या. गिरणी कामगार बायकांच्या प्रसूतीची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या अहवालात लिहिलं होतं की या बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते. गोळीत अफू किती, ते मोजणार कोण? एखादी गोळी जरा मोठी झाली की पोर 'झोपेत' जायचं.

आजीची ही गोष्ट मला लागली, कारण दीड वर्षापूर्वी त्याच घरात जवळजवळ तेच घडलं होतं. ते पुढे येईलच. आधी 'झोपेत जाणं' म्हणजे नक्की काय, ते बघू.

अफू, मॉर्फिन, हेरॉईन, फेंटानिल ही सगळी एकाच घराण्यातली. मेंदूच्या तळाशी श्वास चालवणारी एक यंत्रणा असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ती 'घे श्वास' म्हणून हुकूम सोडते. अफूच्या घराण्यातलं औषध जास्त झालं की ही यंत्रणा ऐकेनाशी होते. श्वास मिनिटाला बारा-पंधरावरून सहा, चार, दोनवर येतो. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हृदय अजून काही मिनिटं चालूच असतं. ते थांबतं ते नंतर, ऑक्सिजन संपला म्हणून. म्हणजे माणूस विषाने मरत नाही, श्वास विसरल्याने मरतो. ही मधली काही मिनिटं कोणी त्याच्यासाठी श्वास घेतला, तर तो वाचतो. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

एकोणिसाव्या शतकात डॉक्टर अफूच्या रोग्याला उभं करून चालवायचे, ओला टॉवेल मारायचे, कडक कॉफी पाजायचे. हे अगदीच खुळचट नव्हतं बरं का. हलवलं, चिमटा काढला की रोगी खरंच एक-दोन श्वास घेतो. पण हात थांबला की श्वासही थांबतो. आणि बेशुद्धाच्या तोंडात ओतलेली कॉफी पोटाऐवजी फुप्फुसात जाते. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम मूर यांनी तर लोकांसमोर मॉर्फिन घेतलं आणि वर पोटॅशियम परमँगनेट पिऊन दाखवलं. ते जगले, कारण मॉर्फिन अजून पोटातच होतं. एकदा ते रक्तात गेलं की परमँगनेटचा काय उपयोग?

कृत्रिम श्वासाचंही तसंच. १८५८ पासून रोग्याचे हात वरखाली करून छाती हलवायची पद्धत होती. त्यातून हवा फारशी आत जातच नव्हती. १९५४ मध्ये जेम्स एलाम यांनी दाखवलं की आपण सोडलेल्या श्वासातसुद्धा दुसऱ्याला पुरेल एवढा ऑक्सिजन असतो. पीटर साफर यांनी पुढच्या काही वर्षांत स्वयंसेवकांना बेशुद्ध करून सिद्ध केलं की मान मागे करून तोंडाने दिलेला श्वास जुन्या पद्धतींपेक्षा खूप चांगला. म्हणजे खरा उपाय सिद्ध व्हायला १९५० चं दशक उजाडलं.

उताऱ्याची गोष्ट याला समांतर. १९१५ मध्ये जर्मन संशोधक ज्युलियस पोल यांच्या लक्षात आलं होतं की कोडीनच्या रेणूत थोडा फेरफार केला की तो मॉर्फिनने दबलेला श्वास परत आणतो. पण पुढची अनेक वर्षं त्याकडे कोणी फारसं बघितलंच नाही. १९५० च्या सुमारास नॅलॉर्फिन वापरात आलं. त्याची अडचण अशी की अफू नसलेल्या माणसाला दिलं तर ते स्वतःच श्वास थोडा दाबायचं. मग मोझेस लेवेनस्टाइन आणि जॅक फिशमन यांनी १९६१ च्या सुमारास नॅलोक्सोन बनवलं. हे अफूच्या जागेवर जाऊन बसतं, तिला ढकलून देतं, आणि स्वतः काहीच करत नाही. कुलपात बसते पण फिरत नाही अशी किल्ली समजा. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली.

पण पुढची पंचवीस वर्षं ते दवाखान्यातच राहिलं. माणूस मात्र मरायचा घरी. १९९६ मध्ये शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नशा करणाऱ्यांच्याच हातात ते द्यायला सुरुवात केली, कारण शेजारी तेच असतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुई नको असलेला नाकातला फवारा आला, आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता मिळाली. आपल्याकडे नॅलोक्सोन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण मुख्यतः ०.४ मिलिग्रॅमच्या इंजेक्शनच्या रूपात, दवाखान्यात.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. हाडांपर्यंत गेलेला कॅन्सर. डॉक्टरांनी फेंटानिलची चिकटपट्टी दिली होती, तीन दिवसांनी बदलायची. न्यू जर्सीचा माझा चुलतभाऊ दिवाळीला आला तेव्हा त्याच्या डॉक्टरने सांगितलं म्हणून फवाऱ्याची पेटी घेऊन आला. चार मिलिग्रॅमचे दोन फवारे, एकेक एकदाच वापरायचा. सगळे हसले होते, तात्या काय गर्दुल्ले आहेत का!

थंडीच्या एका रात्री काकूंचा फोन. "अरे, तात्या लई जोरात घोरायलेत, उठवलं तर उठनात. ओठ निळे दिसायलेत." पाठ दुखतेय म्हणून कोणीतरी गरम पाण्याची पिशवी पाठीला लावली होती. नेमकी पट्टीवर. उष्णतेने पट्टीतलं औषध भराभर अंगात जातं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी पुण्यात, फोन स्पीकरवर. काकाला म्हटलं, कॉफी-बिफी काही नको. छातीच्या हाडावर मुठीने जोरात घास. प्रतिसाद नाही. श्वास मोज. पंधरा सेकंदांत एकच आला, तोही घुरघुरत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. म्हटलं, दुसऱ्या फोनवरून काकूंना १०८ लावायला सांगा, "श्वास घेत नाहीत, फेंटानिलची पट्टी आहे" असंच सांगा. पिशवी काढा, पट्टी सोलून काढा, चिकट बाजू आत दुमडून ठेवा, जागा पाण्याने पुसा.

मग फवारा. पाठीवर झोपवायचं, मानेखाली हात घालून डोकं मागे. आधी दाबून बघायचं नाही, त्यात एकच डोस असतो. नळी एका नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत घालायची आणि खालचा दट्ट्या पूर्ण दाबायचा. रोग्याने आत ओढायची गरज नाही, नाकाच्या आतल्या त्वचेतून ते शोषलं जातं.

पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात मेंदू थांबत नाही. म्हणून लगेच श्वास. हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडावर तोंड, दर पाच सेकंदांना एक श्वास, छाती वर येईल इतकाच. पहिल्या वेळी छाती हललीच नाही. काकाने मान अजून मागे केली, मग हलली. मी फोनवर मोठ्याने आकडे मोजत होतो. (नाडीच नसती किंवा श्वास पूर्ण बंद असता, तर छाती दाबणं सुरू करावं लागलं असतं, तीस दाब आणि दोन श्वास.) तीन मिनिटांनी फरक नाही, म्हणून दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. आणखी मिनिटभराने तात्यांनी स्वतःहून एक लांब श्वास घेतला.

जागे झाले ते कळवळतच. फवाऱ्याने फेंटानिल ढकललं म्हणजे वेदनाशामकही गेलं ना! उलटी झाली. तोपर्यंत त्यांना कुशीवर वळवलं होतं म्हणून ती बाहेर पडली. म्हणूनच कॅन्सरच्या रोग्याला दवाखान्यात हे थेंबाथेंबाने देतात. पण श्वासच थांबत असेल तर घरी हिशोब करत बसायला वेळ नसतो.

गाडी आली तेव्हा तात्या बोलत होते, "कशाला नेता, बरा हाय मी." काका पण डगमगला. इथेच लोक फसतात. नॅलोक्सोन तीस ते नव्वद मिनिटं टिकतं. पट्टी काढली तरी कातडीखाली साठलेलं फेंटानिल पुढे कित्येक तास रक्तात येत राहतं. मी आणि काकू दोघांनी ओरडून त्यांना गाडीत बसवलं. निलंग्याहून लातूरला पाठवलं, आणि दीडेक तासाने तात्या पुन्हा तसेच झोपेत जायला लागले, श्वास पुन्हा मंद. पण आता शेजारी ऑक्सिजन होता आणि सलाईनमधून नॅलोक्सोन रात्रभर चालू ठेवता आलं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर नॅलोक्सोन चालत नाही. अफूचं काही पोटात नसेल तर ते दिल्याने इजाही सहसा होत नाही. शंका असली तरी द्यायचं, श्वास मात्र चालूच ठेवायचा. आणि फवारा नसेल, जो आपल्याकडे बहुतेक घरी नसणारच, तर १०८ येईपर्यंत नुसता श्वास देत राहिलात तरी माणूस टिकू शकतो.

तात्या त्यानंतर पाच महिने जगले. नातीचं लग्न पाहिलं, जेवणात मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्याशी भांडले. गेले ते कॅन्सरनेच, सगळे भोवती असताना.

हे सगळं आजीला त्या दुपारी पुन्हा सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली. म्हणाली, "म्हणजे त्या पोराला कुणी नुसता फुंकून श्वास दिला असता तर?"

मी काहीच बोललो नाही. तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं, आजी. असो.