पहिल्या ओळीचा हिशेब

ठाणे-डोंबिवलीत मॅटीवर फुलीचा टाका घातलेल्यांना मोजणी नवी नाही. फ्लोरेन्सच्या बार्जेलो संग्रहालयातल्या सतराव्या शतकातल्या खुर्च्यांवर आपल्याला तशीच मोजणी दिसते. या खुर्च्यांवरूनच टाक्याला 'बार्जेलो' नाव पडलं.

समजा, टाका चार धाग्यांवरून उभा घेतला. पुढचा दोन धागे वर घ्यायचा. सहाव्या टाक्यापर्यंत आपण दहा धागे चढतो, मग तसेच उतरतो. पुढच्या ओळी पहिलीला चिकटून, गडदाकडून फिकटाकडे जातात; म्हणून ज्वाळा दिसते. कापडावर नक्षी काढावी लागत नाही, पहिली ओळच नकाशा. पण तिथे एक धागा चुकला, की चूक प्रत्येक रंगात उतरते. म्हणून दोन शिखरं झाली, की ती एकाच आडव्या धाग्यावर आहेत का, ते बघायचं. नसतील तर तिथेच उसवायचं.